अप्पांचा वाळूचा उपाय

अप्पा आमच्या किनाऱ्यावरचे मुख्य जीवरक्षक. वय अठ्ठावन्न, पोट नावालाही नाही, आणि आवाज असा की शिट्टीची गरजच पडू नये. तरी ती गळ्यात असतेच. तीस वर्षांत बुडणारी माणसं किती बाहेर काढली, हा आकडा ते कुणाला सांगत नाहीत. विचारलं तर म्हणतात, "बाहेर आली ती आली. मोजायची कशाला, अंडी आहेत का?"

मी तिथल्या प्रथमोपचार खोलीत नर्स आहे. खोली म्हणजे पत्र्याचं छप्पर, एक खाट, एक शेगडी, औषधांचं कपाट आणि दार उघडलं की आत येणारी वाळू. मी बदली होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं, लोक जखमा घेऊन माझ्याकडे येतील. पहिल्या महिन्यातच कळलं की लोक अप्पांकडे जातात. पायात शिंपला घुसला, अप्पा. ऊन लागलं, अप्पा. मुलगा हरवला, अप्पा. माझ्याकडे येत ते चप्पल कुठे विकत मिळेल हे विचारायला.

खोटं कशाला बोलू, मला राग यायचा. साडेतीन वर्षं शिकून, परीक्षा देऊन मी आले, आणि इथे एक माणूस हाफपँटमध्ये उभा राहून माझा दवाखाना चालवतोय. पण अप्पांवर फार वेळ रागावता येत नाही. ते सकाळी साडेपाचला येतात, सगळ्यांच्या आधी पाण्यात उतरून आज ओढ कुठे आहे ते स्वतःच्या अंगाने बघतात, आणि मग झेंडे लावतात. दुर्बिणीचा पट्टा तुटलाय तो बुटाच्या नाडीने बांधलाय. दिवसभरात खाली बसलेलं मी त्यांना कधी पाहिलंच नव्हतं. बसलं की नजर खाली येते, असं त्यांचं म्हणणं.

त्यांची सगळ्यात मोठी ख्याती होती ती जेलीफिशच्या डंखावरच्या उपायाची. वारा समुद्राकडून किनाऱ्याकडे चार दिवस सलग वाहिला की आमच्याकडे तपकिरी पट्ट्यांच्या जेलीफिश येतात. जेवणाच्या ताटाएवढी छत्री आणि खाली हात-दोन हात लांब धागे. धागा लागला की माणूस किंचाळतो. मग अप्पांचा उपाय सुरू व्हायचा. ओली वाळू मुठीत घेऊन डंखावर खसाखसा चोळायची, वरून पिण्याचं गोडं पाणी ओतायचं, पुन्हा वाळू, पुन्हा पाणी. सोबत त्यांचं बोलणं. "रागावते ती. तू तिच्या वाटेत गेलास म्हणून डूख धरला. जाऊ दे, आता उतरेल बघ." तास-दीड तासात उतरायचंच. माणूस अप्पांचे हात हातात घेऊन आभार मानायचा.

मी भिंतीवर तक्ता लावला: वाळू चोळू नका, गोडं पाणी लावू नका. तक्त्यावर लोकांनी ओले टॉवेल वाळत घातले.

अप्पांना मी दोन-तीनदा सांगून पाहिलं. ते शांतपणे ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "ताई, तुमचं पुस्तक बरोबर असेल. पण खुर्चीवालीला विचारा."

खुर्चीवाली म्हणजे किनाऱ्यावर छत्र्या आणि खुर्च्या भाड्याने देणारी. तिशी ओलांडलेली, दणकट, बोलायला फटाकडी. नऊ वर्षांची असताना तिच्या उजव्या हाताला एक भलीमोठी जेलीफिश गुंडाळली गेली होती. अप्पांनी तिला पाण्यातून उचलून आणलं आणि अर्धा तास वाळू-पाणी केलं. आजही तिच्या मनगटापासून कोपरापर्यंत चाबकाचे फटके बसल्यासारखे उंचवटलेले वळ आहेत. प्रत्येक गिऱ्हाइकाला ती ते दाखवते आणि सांगते, "अप्पा नसते तर हात गेला असता." तिच्या लग्नात वडिलांच्या जागी अप्पा उभे होते, कारण वडील नव्हते. म्हणजे माझा तक्ता एका बाजूला आणि तो हात एका बाजूला. तुम्हीच सांगा, कोण जिंकणार?

यंदा वारा फिरला, पहिल्या दोन जेलीफिश दिसल्या, आणि मी सागरी संशोधन केंद्रात फोन केला. तिथल्या बाई गुरुवारी आल्या, एका हातात बादली आणि दुसऱ्या हातात मायक्रोस्कोपची पेटी. सगळ्या जीवरक्षकांना मी खोलीत कोंबलं. अप्पा दाराशी उभे राहिले, अर्थातच समुद्राकडे तोंड करून.

बाईंनी बादलीतली जेलीफिश काचेच्या भांड्यात सोडली. ती हळूहळू मिटत होती, उघडत होती. "हिला मेंदू नाही," बाई म्हणाल्या. "हृदय नाही, रक्त नाही, एकसुद्धा हाड नाही. शंभरातला पंच्याण्णव भाग पाणी."

"मग ही जिवंत कशावर आहे?" एका जीवरक्षकाने विचारलं. "माझ्या मेव्हण्यालाही मेंदू नाही, पण त्याला निदान हाडं आहेत."

खोली हसली. बाईही हसल्या, आणि मग त्यांनी एकेक करून दाखवलं. कातडी इतकी पातळ की पाण्यातला प्राणवायू थेट आत झिरपतो, म्हणून रक्त लागत नाही आणि रक्त नाही म्हणून ते ढकलणारं हृदयही लागत नाही. तोंड एकच, अन्न त्यातूनच आत जातं आणि घाणही त्यातूनच बाहेर येते. पोटातून निघालेल्या नळ्यांमधून पचलेलं अन्न अंगभर फिरतं. हाडांच्या जागी मधे जाड, लवचीक जेली. छत्रीच्या कडेचे स्नायू आवळले की पाणी मागे फेकलं जातं आणि ती पुढे सरकते. स्नायू सैल पडले की जेली आपोआप मूळ आकाराला येते. अंगभर मज्जातंतूंचं विरळ जाळं आहे, पण त्या जाळ्याला मुख्यालय नाही. छत्रीच्या कडेला आठ बारीक ठिपके आहेत, ते आवळण्याचा ताल धरतात आणि उजेड कुठे, वर कुठे, खाली कुठे, एवढं ओळखतात.

अप्पा आता आत वळले होते. "पण ती रागावते," ते म्हणाले. "मी बघितलंय. एकाला डसली की शेजारच्यालाही धरते."

"रागवायला रागावणारं कुणीतरी आत असावं लागतं, अप्पा," बाई म्हणाल्या. "इथे तसं कुणी नाही. डंख मारायचा की नाही हे जेलीफिश ठरवतच नाही. ते धाग्यावरची एकेक पेशी आपलं आपण करते. या, बघा."

त्यांनी कात्रीने धाग्याचं नखाएवढं टोक कापून, खाऱ्या पाण्याच्या थेंबात ठेवून मायक्रोस्कोपखाली लावलं. मी आधी पाहिलं. बारीक बारीक कुप्या, शेजारी शेजारी दाटून बसवलेल्या, आणि प्रत्येकीत गुंडाळून ठेवलेला एक दोरा. बाई सांगत होत्या: कुपीच्या तोंडाशी एक केस असतो. त्याला धक्का लागला आणि कातडीचा वास मिळाला की झाकण उघडतं, आत कोंडलेल्या दाबाने दोरा उलटा होऊन बाहेर सुटतो, टोकाने कातडी भोसकतो आणि विष आत सोडतो. पापणी लवण्याआधी सगळं आटोपलेलं असतं. एका धाग्यावर अशा हजारो कुप्या. अंगाला धागा चिकटला तेव्हा त्यातल्या थोड्याच फुटलेल्या असतात. बाकीच्या तशाच भरलेल्या, कातडीवर बसून.

"आता अप्पा, तुम्ही डोळा लावा," बाई म्हणाल्या, "आणि ही पिचकारी घ्या. यात पिण्याचं पाणी आहे. एक थेंब कडेला सोडा."

अप्पांनी वाकून डोळा लावला. थेंब पडला. मग त्यांची मान एकदम मागे आली, जसं काही तोंडावर कुणी थुंकलं.

"काय झालं?" मी विचारलं. मला माहीत होतं काय झालं ते, तरी विचारलं. माझ्या स्वभावातला हा दोष आहे.

"सुटले," अप्पा म्हणाले. "सगळे दोरे सुटले."

बाईंनी समजावलं. कुपीच्या आत सगळं फार घट्ट आणि खारं. भोवतालचं पाणी एकदम गोडं झालं की ते आत घुसतं, कुपी फुगते आणि फुटते. वाळू चोळली की दाबाने तेच होतं. म्हणून आधी समुद्राचंच पाणी ओतून धागे वाहू द्यायचे, उरलेले चिमट्याने उचलायचे, आणि मग सोसवेल इतक्या गरम पाण्यात, पंचेचाळीस अंशांच्या आसपास, तो भाग वीस ते चाळीस मिनिटं ठेवायचा. उष्णतेने विषाचा जोर कमी होतो. कुणीतरी व्हिनेगरबद्दल विचारलं. बाई म्हणाल्या, काही जातींवर ते उपयोगी आहे, काहींवर उलटं पडतं, तुमच्या इथे नको.

अप्पांनी एकच प्रश्न विचारला. "मग माझ्या उपायाने उतरायचं कसं?"

"तासाभराने तसंही उतरतंच, बऱ्याच जणांचं," बाई म्हणाल्या.

ते बाहेर निघून गेले. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, साधारण दहा मिनिटं.

शुक्रवारी सकाळी मी खोली उघडायला आले तर अप्पा पायरीवर बसलेले. बसलेले! डावा हात मांडीवर उताणा ठेवलेला आणि त्यावर तीन लाल पट्टे. पहाटे किनाऱ्यावर एक मेलेली जेलीफिश लागली होती, त्यांनी काडीने तिचा धागा उचलून स्वतःच्या हातावर तीन जागी टेकवला होता.

"अप्पा, डोकं ठिकाणावर आहे का?" मी ओरडले. "अंगावर पित्त उठलं असतं, श्वास कोंडला असता, मग? मी साडेसातला येते!"

"मेलेली होती," ते म्हणाले. "तरी डसली. तुमच्या बाई बरोबर बोलल्या, आत कुणी नसतं."

एका पट्ट्यावर त्यांनी नेहमीचा उपाय केला होता, वाळू आणि गोडं पाणी. दुसऱ्यावर समुद्राचं पाणी ओतून, धागा चिमट्याने काढून, चहाच्या टपरीवरून आणलेल्या गरम पाण्याचं फडकं. तिसऱ्याचा धागा उचलला आणि पट्टा तसाच सोडून दिला, काहीही न करता. मी घड्याळ लावून दर अर्ध्या तासाने बघत राहिले, ते मात्र झेंड्यापाशी जाऊन उभे राहिले. दुपारपर्यंत दुसरा पट्टा फिका पडला होता. तिसराही उतरत होता. पहिला सुजून टरारला होता, आणि संध्याकाळी त्यावर फोड आले.

"हा बघा," अप्पा तिसऱ्या पट्ट्यावर बोट ठेवून म्हणाले. "काही केलं नसतं तरी चाललं असतं. तीस वर्षं मी नुसता हाताची घडी घालून उभा राहिलो असतो ना ताई, तरी लोकांचं भलं झालं असतं."

"तुम्हाला कुणी शिकवलं होतं?" मी विचारलं.

"माझ्या आधीच्या जीवरक्षकाने. त्याला त्याच्या आधीच्याने."

मी फोडांना मलम लावून पट्टी बांधली. मग म्हटलं, "अप्पा, रविवारी गर्दी होणार आणि वारा अजून तसाच आहे. माझं कुणी ऐकत नाही. तुम्ही सांगितल्याशिवाय लोक वाळू सोडणार नाहीत."

"सांगतो."

"आणि खुर्चीवालीला?"

त्यांनी मान हलवली, पण हो की नाही ते कळलं नाही. शनिवारी मी त्यांना तीनदा तिच्या छत्र्यांकडे जाताना पाहिलं. पहिल्यांदा ते तिच्याशी छत्र्यांच्या दांड्यांबद्दल बोलून परतले. दुसऱ्यांदा खुर्च्यांच्या रांगेबद्दल. तिसऱ्यांदा ते तिथे नुसतेच उभे राहिले आणि ती आपणहून एका गिऱ्हाइकाला हात दाखवून म्हणाली, "हेच ते अप्पा!" गिऱ्हाइकाने त्यांच्याशी हात मिळवला. अप्पा परत येताना इतके म्हातारे दिसत होते की मी खिडकीतून बाजूला झाले. जीवरक्षकांना मात्र त्यांनी त्या दिवशी सांगून टाकलं होतं, एका वाक्यात: उद्यापासून वाळू बंद, ताई सांगतील तसं.

रविवारी सकाळी जांभळा झेंडा लागला. पाण्यात सावध राहा, डसणारे जीव आहेत, असा त्याचा अर्थ. लोकांना तो सजावट वाटतो. मी दोन पातेली भरून समुद्राचं पाणी शेगडीवर ठेवलं. दुपारपर्यंत सहा जण आले, सगळे किरकोळ.

मग किंकाळी आली. खुर्चीवालीची मुलगी, आठ वर्षांची, पाण्याच्या कडेला गुडघाभर लाटेत खेळत होती. डाव्या पोटरीला धागे गुंडाळले गेले होते. मी चिमटा आणि बादली घेऊन धावले, पण आई माझ्याआधी पोहोचली होती. तिने पोरीला ओढून कोरड्यावर आणलं, गुडघे टेकले, दोन्ही मुठींत वाळू भरली आणि शेजारच्या बाईला ओरडून सांगितलं, "पाण्याची बाटली द्या, प्यायचं पाणी!"

"चोळू नका!" मी ओरडले. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. का पाहील?

अप्पा टेहळणीच्या मनोऱ्यावरून उतरून धावत आले. त्या वयात तसं धावणं मी दुसऱ्या कुणाचं पाहिलेलं नाही. वाळू पोटरीला लागणार इतक्यात त्यांनी तिची दोन्ही मनगटं धरली.

"वाळू टाक."

"अप्पा, सोडा! तिला त्रास होतोय!"

"टाक वाळू."

"तुम्हीच तर..." तिला कळेना. भोवती वीस-पंचवीस माणसं जमली होती, त्यातली निम्मी तिची गिऱ्हाइकं. "तुम्हीच तर माझ्या हाताला..."

"मी चुकलो होतो," अप्पा म्हणाले. त्यांचा तो आवाज, हळू काढताच येत नाही. सगळ्या किनाऱ्याने ऐकलं. "वाळूने विष आणखी आत जातं. गोड्या पाण्यानेही. तुझा हात जेलीफिशने जेवढा बिघडवला, त्यावर मी आणखी बिघडवला. मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे."

तिच्या मुठी सुटल्या. मुलगी रडतच होती, तिला या कशाशी देणंघेणं नव्हतं. मी बादलीने समुद्राचं पाणी ओतलं, पुन्हा ओतलं, धागे सुटून वाहून गेले. तीन तुकडे चिकटून होते, ते चिमट्याने उचलले. अप्पांनी पोरीला उचलून खोलीत आणलं. मी पातेल्यातलं पाणी बादलीत मोजून घेतलं, आधी स्वतःचं कोपर बुडवून बघितलं, मग थर्मामीटर, मग तिचा पाय. ती आधी आणखी जोरात रडली, कारण पाणी गरम होतं. मग हुंदके देऊ लागली. मग तिने विचारलं की बादलीत जेलीफिश आहे का.

"नाही," मी म्हटलं.

"तिला मी लागले का?"

"तिला काही कळत नाही गं. तिला मेंदूच नाही."

"मग तिला कोण सांगतं पोहायला?"

"कुणीच नाही," दाराशी उभे असलेले अप्पा म्हणाले. "ती तशीच पोहते."

पोरीने यावर थोडा विचार केला आणि पाय पाण्यात हलवून बघितला. रडणं थांबलं होतं. खुर्चीवाली इतका वेळ खाटेच्या कडेला बसून होती. ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. पाय पाण्यात घालून बावीस मिनिटं झाली होती.

"मला डसली तेव्हा मी किती वेळ रडत होते?" तिने विचारलं. माझ्याकडे न बघता.

अप्पांनी खोटं बोलायला हवं होतं, असं मला त्या क्षणी वाटलं. मी, जी तक्ते लावत फिरते, मला तसं वाटलं.

"संध्याकाळपर्यंत," ते म्हणाले. "सकाळी दहाला लागलं होतं. दिवे लागले तरी रडत होतीस."

तिने स्वतःच्या हातावरून दुसरा हात फिरवला, वळांवरून, कोपरापर्यंत. मी तिच्याकडे बघू शकले नाही. मी थर्मामीटर पुसत बसले.

"एवढं मला आठवतं," ती म्हणाली, "डोळे उघडले की तुम्ही दिसायचात. दिवसभर. दुसरं कुणी नव्हतं."

"मला दुसरं काही येत नव्हतं," अप्पा म्हणाले.

ती सरकली आणि खाटेवर जागा केली. "मग बसा," ती म्हणाली. "अजून वीस मिनिटं आहेत ना? बसा इथे."

अप्पांनी एकदा बाहेर पाण्याकडे पाहिलं. मनोऱ्यावर दुसरा जीवरक्षक चढला होता. ते आत आले आणि बसले. मी पोरीचा पाय बाहेर काढून बादलीत गरम पाणी घातलं, हाताने ढवळलं आणि पुन्हा मोजलं. पंचेचाळीस. पाय आत गेला.